किल्लारीच्या खाली तीन खडक

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपानं जमीनदोस्त झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे देशातला म्हातारा, शांत भूभाग. इथे एवढा मोठा हादरा बसेल असं भूशास्त्रज्ञांनीही फारसं धरलेलं नव्हतं. पायाखाली नेमकं काय आहे हे पाहायचं म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी तिथे एक छिद्र पाडलं. खोली ६१७ मीटर.

आपल्याकडे शेतात बोअर मारतात, तेव्हा मशीन खालचा दगड फोडून त्याचा भुगा वर फेकतं. भुग्याच्या रंगावरून 'पाषाण लागला', 'मुरूम लागला' एवढं कळतं. अभ्यासासाठी खोदतात तेव्हा पद्धत वेगळी असते. हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ नळीसारखं पातं गोल फिरत खाली जातं आणि मधला दगड सळईसारखा शाबूत राहतो. तो तुकड्यातुकड्यानं वर काढतात आणि क्रमानं लाकडी खोक्यांत मांडून ठेवतात. याला गाभा म्हणतात. गाभा वाचायचा तो वरून खाली, पोथीच्या पानांसारखा.

किल्लारीच्या गाभ्यात वरचे ३३८ मीटर काळा बेसॉल्ट होता. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर. आणि तिथून तळापर्यंत, म्हणजे आणखी सुमारे २७० मीटर, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्फटिकी खडक. अग्निजन्य, गाळाचा आणि रूपांतरित हे शाळेत पाठ केलेले तिन्ही प्रकार एकाच भोकात एकाखाली एक सापडले. पाठ्यपुस्तकात हे तिघं गोल बाणांनी जोडलेले असतात आणि त्या चित्राला खडकांचं चक्र म्हणतात. किल्लारीच्या गाभ्यात ते चक्र सरळ उभं दिसतं, पण पाहताना एक गोष्ट खटकते. मधला थर फक्त आठ मीटरचा का? त्या प्रश्नाकडे यायचं, तर आधी तिन्ही खडक कसे बनले ते पाहायला हवं.

कुकर, खडीसाखर आणि काळा पाषाण

बेसॉल्ट हा थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर आला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असं ते दृश्य नव्हतं. भेगांतून निघालेला रस सपाट पसरत गेला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर चढले. झिजून उरलेला भागही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. पश्चिमेला त्यांची जाडी खूप आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते, म्हणून किल्लारीला ३३८ मीटरांत बेसॉल्ट संपला.

हा रस आला कुठून? जमिनीखाली सगळीकडे लाव्हा उकळतोय, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण तापमानानं तेराशे अंशांच्या आसपास असतं, तरी ते घन असतं, कारण वरच्या दगडाचा दाब त्याला वितळू देत नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जातं तरी खळाळून उकळत नाही, आणि वाफ एकदम सोडली की उसळतं. तसंच काहीसं इथे होतं. खालचा तापलेला दगड हळूहळू वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि उष्णता न वाढवताही त्याचा काही भाग वितळतो. सगळा नाही, फक्त काही भाग. तो वितळलेला अंश मूळ दगडापेक्षा हलका असतो, म्हणून भेगांतून वर येतो. दख्खनच्या बाबतीत हा वर येणारा तप्त दगड आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा भारत त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता.

बाहेर पडताना लाव्हा अकराशे ते बाराशे अंश तापलेला असतो आणि उघड्यावर पटकन थंड होतो. या 'पटकन'वर दगडाचा पोत ठरतो. साखरेचा दाट पाक भराभर थंड करून घोटला की पिठीसारखी बारीक साखर मिळते. तोच पाक दोरा सोडून दिवसेंदिवस न हलवता ठेवला की खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. दगडाचंही तसंच आहे. लाव्ह्यातल्या खनिजांना जुळायला वेळ मिळाला नाही, म्हणून बेसॉल्टचे स्फटिक डोळ्यांना दिसत नाहीत. पाट्याचा तुटलेला कोपरा भिंगाखाली धरला तर फेल्स्पारच्या बारीक चकचकीत काड्या आणि त्यांच्यामध्ये पायरॉक्सिनचे काळपट कण एकमेकांत गुंतलेले दिसतात. या गुंतण्यामुळेच पाटा-वरवंटा झिजतो पण भुगा होऊन चटणीत उतरत नाही, आणि त्याला टाकी लावली की धरून राहते. हाच रस जमिनीखाली खोलवर राहून हजारो वर्षांत निवाला असता, तर दाणे मोठे झाले असते आणि त्याचं नाव गॅब्रो झालं असतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दुकानदार 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जे विकतो, ते बऱ्याचदा गॅब्रो किंवा त्याचंच बारीक दाण्याचं भावंड असतं. खरा ग्रॅनाइट फिकट असतो, कारण त्यात गारगोटीचे दाणे भरपूर असतात.

प्रत्येक थराच्या माथ्याजवळ वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि दगड अनारशासारखा जाळीदार होतो. पुढे त्या भोकांत पाण्याबरोबर आलेली पांढरी-हिरवट खनिजं साचतात. विहीर खोदणारे या ठिसूळ थराला मांजऱ्या म्हणतात आणि त्याखालच्या भरीव भागाला काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कधी कधी वीतभर किंवा हातभर तांबडी माती लागते. ती माती मोलाची खूण आहे. एक थर आल्यावर पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला, की वरच्या दगडाची माती झाली, आणि मग नव्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. ज्वालामुखी जागा असतानाच चक्राचं पुढचं पाऊल त्याच्या अंगावर पडलं होतं, याची ही तांबडी नोंद.

दगडाची माती, मातीचा गाळ

लाव्हा बाराशे अंशांत जन्मतो, आणि मग त्याला तीस-पस्तीस अंशांत, पावसात आणि हवेत राहावं लागतं. त्याच्या खनिजांना हे मानवत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आंबट होतं. त्या आंबट पाण्यात फेल्स्पार हळूहळू विरतो आणि त्याची चिकणमाती होते. पायरॉक्सिनमधलं लोह गंजतं, म्हणून मुरूम तांबूस दिसतो. पाणी भेगांतून आत शिरतं, त्यामुळे दगडाच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला होतो, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट तोंडावर एकाच बाजूनं. कोपरे आधी जातात. म्हणूनच रस्त्यासाठी टेकडी कापली की कापलेल्या भिंतीत गोल गोल गोटे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे, आणि मध्ये अजून शाबूत असलेला काळा गाभा.

मराठवाड्याची काळी माती म्हणजे याच विरलेल्या बेसॉल्टचा शेवट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. दगडातून सुटलेलं कॅल्शियम पूर्ण वाहून गेलं नाही तर तिच्यातच पांढऱ्या चुनखड्यांच्या रूपात गोळा होतं. नांगरताना ते खडे वर येतात. किल्लारीच्या जुन्या घरांच्या भिंती याच काळ्या दगडांच्या होत्या आणि ते दगड याच मातीच्या गिलाव्यात बसवलेले होते. म्हणजे दगड आणि त्या दगडाचीच माती. ओल्या मातीला जोडायचं बळ नव्हतं, आणि भूकंपात हाच दोष जिवावर बेतला.

शेतातली बाकीची माती पावसाबरोबर निघते. किल्लारीजवळून तेरणा वाहते. ती मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा मोठा वाटा आहे. वाटेत दगडाच्या दोन वाटण्या होतात. चिकणमाती आणि रेती घन रूपात जातात. कॅल्शियम, सोडियम आणि थोडी सिलिका पाण्यात विरघळून, डोळ्यांना न दिसता जातात. आता वाटेवर धरणं आहेत, त्यामुळे घन वाटणीतला बराच हिस्सा जलाशयाच्या तळाशी अडतो. विरघळलेल्या वाटणीला मात्र धरणाची भिंत अडवू शकत नाही.

चक्का आणि शहाबादी

गाळ साचला म्हणजे खडक झाला असं नव्हे. समुद्रतळावर नुकत्याच बसलेल्या चिखलात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यावर नवा गाळ येतो, मग आणखी येतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो आणि वर वजन ठेवतो, तसं पाणी पिळून निघतं आणि चिखल दाटतो. पण चक्का हातानं मोडतो आणि दगड मोडत नाही, फरक सिमेंटचा. दाण्यांमधल्या उरलेल्या फटींतून जे पाणी झिरपतं, त्यात चुना, सिलिका किंवा लोह विरघळलेलं असतं. ते फटींत निवळतं आणि दाण्याला दाणा चिकटवतं. हे सिमेंट बसलं की गाळाचा खडक तयार झाला. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल.

चुनखडकाची कथा थोडी निराळी. तो बहुतांशी त्या न दिसणाऱ्या, विरघळलेल्या वाटणीतून बनतो. त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण आपल्या पायाखाली असतं. किल्लारीपासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला कर्नाटकात शहाबाद आहे, आणि तिथली फरशी सोलापूर, लातूर, पुणे इथल्या असंख्य घरांत बसलेली आहे. कोणे एके काळी तिथे उथळ समुद्र होता. नद्यांनी आणलेलं कॅल्शियम त्यात साठत गेलं आणि चुन्याचा बारीक चिखल होऊन तळाशी बसलं. हे शंख-शिंपले असलेले प्राणी पृथ्वीवर येण्याआधीचं आहे, म्हणून शहाबादीत शिंपले शोधूनही सापडत नाहीत. चुन्याचा चिखल बसत असताना मधूनमधून चिकणमातीचा पातळ पापुद्रा येत राहिला. आज खाणीत कामगार छिन्नी लावतो ती नेमकी त्या पापुद्र्यावर, म्हणून फरशी सपाट उलगडते. तीच छिन्नी बेसॉल्टला लावली तर तो मन मानेल तसा फुटतो, कारण त्याच्यात उलगडायला थरच नसतात.

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराला शहाबादी होती. एकदा लिंबू चिरताना रस सांडला आणि तासभर तसाच राहिला. पुसल्यावर तिथे पांढुरका, खरखरीत डाग उरला. तो काही केल्या गेला नाही, कारण तो डाग नव्हताच. लिंबातल्या आम्लानं तेवढी फरशी खाल्ली होती. चुनखडक ओळखण्याची हीच खूण भूशास्त्रज्ञ वापरतात. त्यांच्या खिशात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली असते. शहाबादीवर थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. पाट्यावर टाकला तर काहीच होत नाही. दुसरी खूण चाकूची. चाकूच्या टोकानं शहाबादीवर सहज ओरखडा उठतो, बेसॉल्टवर उठवायला जोर लावावा लागतो.

फरशीतून निघणारे ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. त्या प्राचीन काळी कोणत्या तरी डोंगरावर पडलेल्या पावसानं हवेतला जो वायू स्वतःत विरघळवून दगड खाल्ला होता, तोच कॅल्शियमबरोबर नदीतून समुद्रात जाऊन चुनखडकात कोंडला गेला होता. लिंबाच्या रसानं तो सोडवला.

डब्यातले पोहे

आता गाभ्याच्या तळाचा पट्टेदार खडक. याला पट्टिताश्म म्हणतात, आणि तो रूपांतरित खडक आहे. त्याचं वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं आहे. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी धरलं, तर ती अर्ध्या वयाचीही नव्हती तेव्हाचा.

रूपांतर म्हणजे वितळणं नव्हे, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. वितळून थिजला तर खडक अग्निजन्य. रूपांतरात दगड शेवटपर्यंत घन राहतो आणि घन असतानाच त्याच्या आतली मांडणी बदलते. जमिनीत खाली जाऊ तसं तापमान वाढतं, साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी. वीस किलोमीटरवर ते पाचशे-सहाशे अंशांवर जातं, आणि वरच्या दगडाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या पाच हजार पटींहून जास्त होतो. या परिस्थितीत अणू जागचे हलू लागतात. जुनी खनिजं मोडतात, त्याच मालातून नवी घडतात.

दाब एका बाजूनं जास्त असेल तर आणखी एक गोष्ट होते. पातळ पोहे डब्यात ओतताना कसेही पडतात, पण वरून तळव्यानं दाबले की सगळे आडवे होतात. अभ्रकासारखी चपटी खनिजं तशीच दाबाच्या आडव्या दिशेनं वाढतात आणि वळतात. फिकट खनिजं एका पट्टीत, गडद दुसऱ्या पट्टीत अशी विभागणी होत जाते. पट्टिताश्माचे पट्टे गाळाच्या थरांसारखे दिसतात खरे, पण ते थर नव्हेत. फरक बारकाईनं पाहिलं तर कळतो. गाळाच्या थरात दाणे एकमेकांना फक्त चिकटलेले असतात. पट्टिताश्मात स्फटिक एकमेकांत रुतून वाढलेले असतात, आणि पट्टे अनेकदा पुरणपोळीच्या उंड्यासारखे दुमडलेले, ताणलेले असतात. घन दगड एवढा वाकतो, कारण त्या उष्णतेत आणि लाखो वर्षांच्या संथ दाबाखाली तो मऊ पडतो.

रूपांतरात दगडाचं द्रव्य बदलेलच असं नाही. शहाबादीसारखा चुनखडक असाच तापला आणि दाबला गेला, तर त्यातले न दिसणारे चुन्याचे कण वाढून साखरेच्या दाण्याएवढे होतात आणि तयार होतो संगमरवर. ताजमहालाला लागलेला राजस्थानातल्या मकराण्याचा दगड हा असाच घडलेला. देव्हाऱ्यातल्या संगमरवराच्या ताज्या तुटलेल्या कडेला उन्हात धरलं की जी चमचम दिसते, ती या वाढलेल्या स्फटिकांची. लिंबाचा रस त्यालाही चावतो. माल तोच आहे, बांधणी नवी.

खडक किती खोल गेला होता हे कसं कळतं? खनिजंच थर्मामीटरचं काम करतात. विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमॅनाइट या खनिजांच्या खाणी आहेत. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी ती वापरतात. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं. दोन्ही मुळात चिकणमातीच्या द्रव्यातून घडतात. पण दाब जास्त आणि उष्णता त्या मानानं कमी असेल तर कायनाइट बनतो. उष्णता खूप वाढली तर त्याच द्रव्याचा सिलिमॅनाइट होतो. कुठल्या खडकात यांपैकी कोण सापडलं, त्याच्याबरोबर कोण होतं, यावरून तो कोणत्या खोलीवर शिजला याचा अंदाज बांधता येतो. किल्लारीच्या तळचा पट्टिताश्म अशाच मोजणीत कित्येक किलोमीटर खोलीवर घडलेला निघतो.

याला वरची मर्यादाही आहे. दगडात थोडं पाणी असेल, तर साडेसहाशे-सातशे अंशांच्या आसपास फिकट खनिजं वितळायला लागतात. रूपांतर तिथे संपतं. वितळलेला भाग वेगळा होऊन वर चढला आणि खोलवरच सावकाश निवाला, तर टपोऱ्या दाण्यांचा ग्रॅनाइट होतो. पट्टिताश्मातून पुन्हा अग्निजन्य खडकाकडे जाणारी ही वाट.

आठ मीटरांचा हिशेब

आता त्या खटकणाऱ्या गोष्टीकडे. पट्टिताश्म बनला कित्येक किलोमीटर खाली. पण किल्लारीत लाव्हा आला तेव्हा तो जवळजवळ जमिनीच्या पृष्ठावर होता. त्याच्या आणि लाव्ह्याच्या मध्ये आठ मीटर गाळ, बस. मग त्याच्या डोक्यावरचे ते किलोमीटर गेले कुठे?

ते झिजले. पाऊस, ऊन आणि नद्यांनी वरचा दगड खरवडला. आणि जसजसा वरचा भार कमी झाला, तसतसं खालचं कवच वर उचललं गेलं. होडीतला माल उतरवला की ती पाण्यात वर येते, तसं. म्हणजे झीज चालू राहायला नवा दगड आपोआप हाताशी येत राहतो. हिशेब करून पाहू. वर्षाला मिलिमीटरचा पन्नासावा भाग झिजला, म्हणजे पन्नास वर्षांत एक मिलिमीटर, तर वीस किलोमीटर झिजायला शंभर कोटी वर्षं लागतील. पट्टिताश्म आणि बेसॉल्ट यांच्या वयात जवळपास २४० कोटी वर्षांचं अंतर आहे. वेळ भरपूर होता.

या २४० कोटी वर्षांपैकी गाभ्यात उरले आहेत फक्त ते आठ मीटर. शहाबादला त्याच प्राचीन खडकावर समुद्र आला आणि चुनखडकाचे जाड थर ठेवून गेला. किल्लारीला मात्र तसा जाड साठा नाही. म्हणजे तिथे गाळ एकतर साठलाच नाही, किंवा साठून पुन्हा वाहून गेला. उंच जमीन गाळ देते, खोल समुद्र तो घेतो. किल्लारी त्या काळात बहुतेक देणाऱ्यांतच होती. भूशास्त्रात अशा जागेला विसंगती म्हणतात. १७८८मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला जेम्स हटननं असाच एक सांधा पाहिला. उभ्या केलेल्या जुन्या थरांवर आडवे नवे थर बसले होते. खालचे थर बनायला, वळायला, झिजायला आणि त्यावर नवे बसायला लागणारा काळ मनात आणल्यावर पृथ्वीचं वय हजारांत मोजून चालणार नाही, हे त्याला त्या सांध्यानं पटवलं. किल्लारीच्या गाभ्यात त्या सांध्यावर बोट ठेवता येतं. बोटाच्या खाली अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा दगड. बोटाच्या वर, आठ मीटर गाळ सोडला की, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. मधलं सगळं बोटाखालून निघून गेलं आहे.

पाठ्यपुस्तकातल्या गोल चित्रात ही गोष्ट दिसत नाही. तिथे प्रत्येक खडक शिस्तीत पुढच्या घरात जातो. प्रत्यक्षात हे एसटीच्या जंक्शनसारखं आहे. कुठूनही कुठेही गाडी लागते आणि कधी कधी कित्येक कोटी वर्षं लागतच नाही. बेसॉल्ट गाळ न होता थेट खोल जाऊन रूपांतरित होऊ शकतो. वालुकाश्म झिजून पुन्हा वालुकाश्मच होऊ शकतो. किल्लारीचा पट्टिताश्म अडीचशे कोटी वर्षं खडकच राहिला. त्याच्या डोक्यावरचे शेजारी मात्र कधीच गाळ झाले. खडकाचं नाव सांगतं ते एवढंच, की त्याच्यावर शेवटचा मोठा प्रसंग कोणता आला: थिजला, साचला, की दाबला गेला. त्याआधीचं सगळं खनिजांत वाचावं लागतं.

पुढची गाडी

तेरणेतून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्रात गेलेल्या मातीचं पुढे काय होतं? आंध्रच्या किनाऱ्यालगत कृष्णा-गोदावरीच्या गाळाचे थर कित्येक किलोमीटर जाड आहेत. तिथे नैसर्गिक वायूसाठी विहिरी खोदल्या जातात. त्या भारानं समुद्रतळही खचतो, त्यामुळे आणखी गाळाला जागा होते. तळचा चिखल एव्हाना शेल झालेला आहे.

याच उपसागराच्या पूर्वेला अंदमानजवळ समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो, वर्षाला काही सेंटीमीटर या गतीनं. तळाबरोबर त्यावरचा थोडा गाळही ओढला जातो. बाकीचा खरवडला जाऊन काठाला साचतो. खाली गेलेला भाग दाबला-तापला जातो आणि त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी वरच्या तप्त, घन प्रावरणात शिरलं की त्याचा वितळण्याचा बिंदू उतरतो. दख्खनमध्ये दाब कमी झाल्यामुळे दगड वितळला होता. इथे पाण्यामुळे वितळतो. तो शिलारस वर येतो अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटावर. भारतातला हा जागता ज्वालामुखी १९९१पासून पुन्हा पुन्हा लाव्हा आणि राख ओततो आहे.

बॅरनच्या लाव्ह्यात किल्लारीचा कण आहे असं म्हणता येणार नाही. गोदावरीचा बराचसा गाळ किनाऱ्यालगतच बसून आहे आणि त्याची गाडी लागायला कोट्यवधी वर्षं जातील. पण बॅरनच्या काळ्या राखेवर पाऊस पडतो आहे. आंबट पाणी तिच्या फेल्स्पारला लागलं आहे, तिची माती व्हायला सुरुवात झाली आहे, आणि ती माती ज्या समुद्रात उतरते त्याला लागूनच असलेल्या उपसागरात दुसऱ्या टोकाकडून तेरणेचं पाणी येतं.